टोन्ड, डबल टोन्ड की फुल क्रीम: एका घरातल्या तीन पिढ्यांच्या दुधाचा हिशेब

"मॅडम, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. रोज दीड लिटर फुल क्रीम दूध घेतो. मुलगी १४ महिन्यांची आहे. तिला जड पडू नये म्हणून निम्मं पाणी घालून देतो, पण तीन महिन्यांत तिचं वजन फक्त २०० ग्रॅम वाढलंय. मिस्टर ४२ वर्षांचे, त्यांचं एलडीएल कोलेस्टेरॉल १६२ आलंय. सासूबाई ७१ वर्षांच्या, दूध पचत नाही म्हणतात आणि वर्षभरात चार किलोनं उतरल्यात. सगळ्यांसाठी टोन्ड सुरू करू का, की डबल टोन्ड?"

ताई, मुलीच्या दुधात पाणी घालणं आजच थांबवा. पिशवी कुठली आणायची हे त्यानंतर बघू. तिघांसाठी उत्तरं तीन वेगळी आहेत, पण म्हणून घरात तीन प्रकारच्या पिशव्या आणायला लागणार नाहीत. दोन प्रकारांत सगळ्यांचं नीट भागतं. कुणाच्या पेल्यात कुठलं दूध आणि किती, ते पुढे मापासकट देते. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी, कारण तिथेच तुमचा आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच आयांचा घोटाळा होतो. दूध 'पातळ' आहे म्हणजे नेमकं त्यातलं काय कमी आहे?

माझे वडील निफाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध डेअरीत सेक्रेटरी होते. लहानपणी मी त्यांच्यासोबत संकलनाला जायची. तेव्हा फॅट काढायची पद्धत अशी होती की, एका जाड काचेच्या नळीत, म्हणजे बुटीरोमीटरमध्ये, दहा मिली तीव्र गंधकाम्ल घ्यायचं, त्यावर पावणेअकरा मिली दूध अलगद सोडायचं, थोडं अल्कोहोल घालायचं, बूच लावून नळी हलवायची. हलवता हलवता नळी हाताला चटका बसेल इतकी तापायची आणि पांढरंशुभ्र दूध काळपट तपकिरी व्हायचं. मग ती नळी यंत्रात गरगर फिरवली की वरच्या बारीक मानेत फॅटचा पिवळा स्तंभ चढायचा. तो स्तंभ जितक्या रेघेपर्यंत, तितकी फॅट लागली, आणि त्यावर भाव. शेतकऱ्यांची नजर त्या पिवळ्या रेघेवरच असायची. साहजिकच आहे, पैसे तिथूनच यायचे.

पण त्या नळीत खाली जो तपकिरी द्रव राहायचा, त्यात दुधातली सगळी प्रथिनं, सगळी दुधातली साखर आणि सगळं कॅल्शियम असायचं. आम्लात विरघळून गेलेलं, म्हणून दिसत नसे इतकंच. डेअरीच्या भाषेत फॅट सोडून उरलेल्या या घन भागाला एसएनएफ म्हणतात. दुधाची फॅट आणि एसएनएफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिशव्यांमधला फरक जवळजवळ सगळा पहिलीत आहे. तुम्ही घरी पाणी घालता तेव्हा मात्र दोन्ही कमी होतात.

आकडे थोडेच देते, पण ते लक्षात ठेवा. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ असावं लागतं. टोन्डमध्ये ३ टक्के फॅट आणि ८.५ एसएनएफ. डबल टोन्डमध्ये दीड टक्का फॅट आणि ९ एसएनएफ. गाईचं म्हणून मिळणारं पिशवीतलं दूध आपल्याकडे बहुधा साडेतीन फॅटचं असतं. आता तुमच्या मुलीच्या वाटीतलं दूध बघा. फुल क्रीममध्ये तितकंच पाणी घातलं की फॅट ३ होते, म्हणजे बरोबर टोन्डइतकी. पण एसएनएफ साडेचारवर येतं, म्हणजे टोन्डच्या जवळजवळ निम्म्यावर. फॅट सारखी, पण प्रथिनं आणि कॅल्शियम निम्मं. 'टोन्ड म्हणजे पाणी घातलेलं दूध' असं जे सर्रास म्हटलं जातं ते म्हणूनच चूक आहे. पाणी घातलेलं दूध तुमच्या घरात आहे, पिशवीत नाही.

टोन्ड दुधातही पाणी असतं, हे खरं आहे. ही पद्धत मुंबईतच, १९४० च्या दशकात रुजली. शहराला दूध पुरत नव्हतं, म्हशीचं दूध महाग होतं. तेव्हा मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी मिसळायची रीत बसवली. पाण्यामुळे फॅट उतरायची आणि भुकटीमुळे एसएनएफ पुन्हा जागेवर यायचं, म्हणून दूध स्वस्त व्हायचं, पण निकस व्हायचं नाही. खुरोडींना पुढे १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज कारखान्यात बहुतेक ठिकाणी यंत्रानं मलई वेगळी करून मोजून परत मिसळतात, लागेल तिथे भुकटी घालतात. तत्त्व तेच आहे.

फॅटबरोबर आणखी एक गोष्ट निघून जाते, ती म्हणजे जीवनसत्त्व अ आणि ड. ही दोन्ही स्निग्धांशात विरघळणारी आहेत. म्हणून टोन्ड किंवा डबल टोन्ड घ्यायचं तर पिशवीवर निळ्या रंगातली प्लस एफ ही खूण बघा. त्या दुधात ही दोन्ही जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात. ड जीवनसत्त्व लिटरला ५ ते साडेसात मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे अर्ध्या लिटरमधून प्रौढ माणसाच्या रोजच्या गरजेचा चौथा हिस्सासुद्धा मुश्किलीनं. उपयोगी आहे, पण त्यावर विसंबून राहू नका.

आता मुलीकडे येते. तुम्ही वजन सांगितलंय ते फार महत्त्वाचं आहे. या वयात मुलीचं वजन तीन महिन्यांत साधारण सहाशे-सातशे ग्रॅम वाढायला हवं. २०० ग्रॅम कमीच. लिहिलं नसलं तरी मी धरून चालते की, ती दिवसाला तीन बाटल्या, म्हणजे सहाशे मिलीच्या आसपास ते निम्म्या पाण्याचं दूध पिते. त्यात खरं दूध ३०० मिली. त्यातून मिळतात साधारण २६० किलोकॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं. पण पोटात जागा सहाशे मिलीची व्यापली. त्याऐवजी तेच दूध बिनपाण्याचं ४०० मिली दिलं तर ३५० किलोकॅलरी आणि १३ ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि दोनशे मिलीची जागा वरण-भाताला, खिचडीला, अंड्याला मोकळी राहते. दूध कमी करून पोषण वाढलं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण हिशेब असाच आहे.

तिला डबल टोन्ड देऊ नका. ४०० मिली डबल टोन्डमधून १९० किलोकॅलरीच मिळतात. फुल क्रीमशी फरक १६० चा. नऊ किलोच्या मुलीला दिवसभरात साडेसातशेच्या आसपास लागतात, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. दोन वर्षांपर्यंत मेंदूची वाढ इतक्या झपाट्यानं होत असते की या वयात फॅट कमी करायचं कारणच नसतं. 'डबल टोन्डनं कफ होत नाही' असं शेजारी सांगतील. खोकला दुधातल्या फॅटनं होत नाही. दूध प्यायल्यावर घशात थोडा दाटपणा जाणवतो, त्याला लोक कफ म्हणतात.

मग फुल क्रीमच द्यायचं का? इथे एक बारकावा आहे. परदेशी लेखांमध्ये 'बाळाला होल मिल्क द्या' असं वाचून आपल्या आया फुल क्रीम शोधतात. पण त्यांचं होल मिल्क म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपासचं गाईचं दूध. आईच्या दुधातही फॅट साधारण तेवढीच असते. आपलं ६ टक्क्यांचं फुल क्रीम हे म्हशीच्या दुधासारखं आहे. ते लहान मुलांना चालतं. वजन वाढत नसलेल्या मुलीला तर चांगलंच, पण ते सक्तीचं नाही. तुमच्याकडे गाईचं साडेतीनचं येत असतं तरी मी तेच चालू ठेवा म्हटलं असतं. आणि कधी घरात फक्त टोन्ड असेल तर घाबरायचं कारण नाही. ४०० मिली टोन्ड आणि ४०० मिली गाईचं दूध यांत फॅटचा फरक दोन ग्रॅमचा. भातावर अर्धा चमचा तूप जास्त घातलं की तो भरून निघतो. डबल टोन्डचं तसं नाही, ती तूट इतकी मोठी आहे की मुलं इतकं तूप आनंदानं खात नाहीत.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र वरचं दूध मुख्य आहार म्हणून कुठलंच देऊ नये, ना फुल क्रीम ना टोन्ड. धाकटी जाऊबाई किंवा मैत्रीण विचारेल म्हणून सांगून ठेवते.

दुधाच्या मापावर मी जो जोर देतेय त्याचं कारण सांगते. मागे सातपूरहून एक आजी दोन वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. तक्रार अशी की पोर जेवत नाही, पोळीचा घास गालात धरून बसतो. मुलगा गुबगुबीत होता, पण खालची पापणी ओढून पाहिली तर आतली बाजू गुलाबीऐवजी जवळजवळ पांढरी. शौचाला तीन-तीन दिवस होत नव्हतं. दूध किती, विचारलं. आजी अभिमानानं म्हणाल्या, "लिटरभर पितो, चांगलं फुल क्रीम." हिमोग्लोबिन ८ निघालं. दुधात लोह जवळजवळ नसतंच. लिटरभर दूध पोटात गेलं की भूक मरते, जे दोन घास जातात त्यातलं लोहही कॅल्शियममुळे कमी शोषलं जातं. बालरोगतज्ज्ञांनी लोहाचं औषध दिलं, मी बाटली बंद करून दूध पेल्यानं आणि ४०० मिलीवर आणलं. पहिले चार-पाच दिवस त्या घरात रडारड झाली. पण दुसऱ्या आठवड्यात पोर स्वतः भाकरीचा तुकडा मागायला लागलं. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहाच्या वर आलं. तेव्हा तुमच्या मुलीचं दूध, दह्यासकट, ४०० मिली धरा, पाचशेच्या वर कधीही नको. दूध जेवणाच्या आधी देऊ नका, जेवणानंतर तासा-दीड तासानं द्या. रात्री झोपेत बाटली तर अजिबात नको. दातही किडतात.

आता तुमचे मिस्टर. त्यांच्याबद्दल तुम्ही एलडीएलचा आकडा दिलात, पण ते दिवसाला किती दूध घेतात हे नाही. आपल्या घरांतला सर्वसाधारण दिनक्रम धरते, की पाच कप चहा, प्रत्येकात साठ मिली दूध, आणि रात्री झोपताना हळद घालून एक मोठा पेला. म्हणजे साडेपाचशे मिली. फुल क्रीममध्ये त्यातून ३३ ग्रॅम फॅट जाते. दुधातल्या फॅटपैकी साधारण दोन तृतीयांश संपृक्त असते, म्हणजे वीस ग्रॅमच्या वर. बैठं काम करणाऱ्या माणसानं दिवसभरात संपृक्त चरबी वीस-बावीस ग्रॅमच्या आत ठेवावी असं सांगितलं जातं. ती मर्यादा एकट्या दुधानंच गाठली, आणि अजून पोळीवरचं तूप, बिस्किटं, संध्याकाळची मिसळ किंवा वडा मोजलेलाच नाही. तेच दूध टोन्ड घेतलं तर संपृक्त चरबी अकरा ग्रॅमवर येते, डबल टोन्ड घेतलं तर साडेपाचवर. प्रथिनं आणि कॅल्शियम तिन्हींत जवळपास तेवढंच. म्हणून ज्यांचं एलडीएल वाढलंय किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांच्यासाठी फुल क्रीम सोडण्यात खरंच काही गमावलं जात नाही.

मी तुमच्या घरी टोन्ड सुचवतेय, डबल टोन्ड नाही. आरोग्याच्या दृष्टीनं त्यांना डबल टोन्ड अधिक योग्य आहे, पण माझा अनुभव असा की चहा एकदम निळसर, पांचट लागायला लागला की माणूस आठवड्यात बाहेरचा चहा सुरू करतो, आणि टपरीवर कुठलं दूध आहे हे आपल्या हातात राहत नाही. टोन्डनं चहाचा रंग आणि चव राहते. तीन महिने टोन्ड घ्या, रिपोर्ट बघा, मग लागलं तर पुढे जाऊ. रात्रीचा पेला अर्धा करता आला तर उत्तम.

आणि चहातली साखर मोजा. पाच कपांत दोन-दोन चमचे म्हणजे दहा चमचे, पन्नास ग्रॅम, दोनशे किलोकॅलरी. चहापुरतं तीनशे मिली दूध फुल क्रीमऐवजी टोन्ड केलं तर वाचतात साधारण ८५. ज्यांचं ट्रायग्लिसराइड वाढलंय किंवा पोट सुटलंय त्यांनी दुधाची पिशवी बदलून साखर तशीच ठेवली तर मोठा वाटा तसाच राहतो. मधुमेही माणसांचाही इथे नेहमी गैरसमज होतो. डबल टोन्डमध्ये साखर कमी असते असं त्यांना वाटतं. दुधातली साखर, लॅक्टोज, तिन्ही प्रकारांत शंभर मिलीला पाच ग्रॅमच्या आसपासच असते. ती एसएनएफचा भाग आहे, फॅटचा नाही.

तुम्ही स्वतः काही विचारलं नाहीत, पण लहान मूल असलेल्या बाईनं दुधाचा स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी मोजू नये. वजन आणि रिपोर्ट ठीक असतील तर तुम्हाला टोन्ड चालेल. दिवसाला अडीचशे मिली, त्यातलं थोडं दही किंवा ताक. अजून अंगावर पाजत असाल तर हे माप तीनशेच्या पुढे न्या.

सासूबाईंबद्दल मात्र मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, आणि ती दुधामुळे नाही. वर्षात चार किलो आपोआप उतरणं हे म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. साखर, थायरॉइड, दात, गिळण्याचा त्रास, जुना खोकला, मन उदास असणं, काहीही असू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. दुधाचं माझं उत्तर त्याच्या जागी नाही, त्याच्या बरोबर आहे.

'दूध पचत नाही' म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांना शेजारी बसून विचारा. कारण यात दोन वेगळ्या तक्रारी एकाच शब्दात बांधल्या जातात. दूध प्यायल्याबरोबर पोट जड वाटतं, आंबट ढेकर येतात, पुढचं जेवण नको होतं, ही तक्रार फॅटची असू शकते. स्निग्ध पदार्थ जठरात जास्त वेळ थांबतात. अशा वेळी टोन्डनं बरं वाटतं. पण दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांनी पोटात गुडगुड, गॅस, कधी पातळ शौच, ही तक्रार लॅक्टोजची आहे. वय वाढतं तसं ते पचवणारं विकर बऱ्याच जणांत कमी होतं. त्यात डबल टोन्ड आणून उपयोग नाही, कारण लॅक्टोज तेवढंच राहतं आणि वजन उतरत असलेल्या बाईच्या ताटातून उष्मांक मात्र जातात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आजी वर्षानुवर्षं या चुकीच्या उपायावर असतात.

लॅक्टोजची तक्रार असेल तर पेलाभर दूध एकदम न देता शंभर-शंभर मिलीनं, जेवणाबरोबर द्या, आणि निम्मा वाटा दह्याचा करा. विरजणात लॅक्टोजचा काही भाग जिवाणू खाऊन टाकतात आणि उरलेला पचवायलाही मदत करतात. सासूबाईंना मी फुल क्रीमच देईन. त्या बारीक होताहेत, भूक कमी आहे, म्हणजे पोटात जाणारा प्रत्येक घास भरलेला हवा. तीनशे मिलीचं माप धरा. सकाळी नागलीच्या पिठाची लापशी दीडशे मिली दुधात शिजवून, दुपारी दीडशे मिली दुधाचं दही. पेठ-सुरगाण्याकडची नागली आपल्याकडे सहज मिळते. दुधातून साडेतीनशे आणि तीस ग्रॅम नागलीतून शंभर, असं साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम या दोन खाण्यांतून होतं. त्यांना लागतं १२०० च्या घरात, त्यामुळे बाकीचं डाळी, पालेभाजी, तीळ आणि गरज असेल तर डॉक्टरांच्या गोळीतून. त्यांचं ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. गुडघे धरले म्हणून दूध वाढवायचं आणि ड शून्य, असं नेहमी होतं.

त्यांचं वजन जास्त असतं, रक्तदाब-हृदयाचा त्रास असता, तर याच वयाला मी टोन्ड किंवा डबल टोन्ड सांगितलं असतं. म्हातारपणी दुधाची निवड वयावरून होत नाही, वजन कुठल्या दिशेनं चाललंय त्यावरून होते. किडनीचा त्रास असेल तर दुधाचं प्रमाणच डॉक्टरांना विचारून ठरवा, प्रकार कुठलाही असो.

आता रोजची मांडणी. दीड लिटरच घ्या, पण अर्धा लिटर फुल क्रीम आणि एक लिटर टोन्ड. मुलीचे ४०० आणि सासूबाईंचे ३०० मिळून सातशे. त्यासाठी एका पातेल्यात फुल क्रीमची पिशवी पूर्ण आणि टोन्डचं दोनशे मिली एकत्र तापवा. हिशेब केला तर या मिश्रणात फॅट पाच टक्क्यांच्या थोडी वर येते आणि एसएनएफ नऊला टेकतं. पातेल्यावर खडूनं किंवा झाकणाच्या रंगानं खूण करा, म्हणजे चहाला तेच उचललं जाणार नाही. उरलेलं आठशे मिली टोन्ड तुम्हा दोघांचं, चहा-दह्यासकट. दोन पिशव्या मिसळण्यात काही गैर नाही. समसमान मिसळलं तर साडेचार टक्के फॅट होते, तेच दूध बाजारात स्टँडर्डाइज्ड म्हणून विकतात.

पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, एक उकळी पुरे. मंद आचेवर अर्धा तास आटवत ठेवू नका. आणि पिशवीच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असतो. मागे बारीक अक्षरात फॅट आणि एसएनएफचे दोन आकडे असतात, तेच बघा.

"फुल क्रीम तसंच ठेवून साय काढली तर?" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, सासूबाई तूप कढवत असतील तर नक्कीच. तर तेही मोजून बघू. दीड लिटर फुल क्रीममध्ये रोज ९० ग्रॅम फॅट, आठवड्याला ६३०. आठवड्याच्या सायीचं पाव किलो तूप निघत असेल, तर ताकात आणि बेरीत थोडं गेलेलं सोडून, साधारण ३८० ग्रॅम फॅट दुधातच राहिली. साडेदहा लिटरमध्ये ती पसरली तर लिटरला ३६ ग्रॅम, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपासचं दूध तुम्ही प्यायलात. साय काढून दूध टोन्डच्या जवळ येतं हे खरं. पण ते पाव किलो तूप त्याच घरात त्याच माणसांच्या पोळीवर परत आलं, तर मिस्टरांच्या रक्तात जाणारी चरबी एक ग्रॅमनंही कमी झाली नाही. नव्या मांडणीत घरात मुळातच रोज ६० ग्रॅम फॅट येते, आठवड्याला ४२०. तूप कमी निघेल, सासूबाईंना ते आवडणार नाही, त्यांना हा आकडा दाखवा. मुलीच्या आणि त्यांच्या पातेल्यातली साय काढू नका, ढवळून दुधातच मोडा. जे काही तूप निघेल ते त्या दोघींच्या भातावर.

दूध बाजारातून किंवा मळ्यावरच्या गोठ्यातून सुट्टं म्हशीचं दूध आणायचा विचार असेल, तर एवढंच सांगते की त्यात फॅट साडेपाच-सहा ते आठपर्यंत कुठेही असू शकते, ऋतूप्रमाणे आणि चाऱ्याप्रमाणे बदलते, आणि पाणी किती हे दुधाची घनता मोजणाऱ्या दुग्धमापीच्या एका आकड्यावरून कळत नाही. मलई काढली की दुग्धमापी वर चढतो, पाणी घातलं की उतरतो, दोन्ही केलं की आकडा जागच्या जागी. मुलीसाठी तरी तूर्त पिशवीच ठेवा, म्हणजे काय दिलं ते माहीत राहील. सुट्टं आणलंच तर नीट खळखळून उकळी येऊ द्या.

मुलीचं वजन दर महिन्याला एकाच काट्यावर, शक्यतो अंगणवाडीत किंवा लसीकरणाच्या ठिकाणी, सकाळी करा. पाणी बंद करून आणि घास वाढवून दोन महिन्यांत चारशे ग्रॅमच्या पुढे वाढ दिसली नाही, तर दुधाचा प्रकार बदलत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि हिमोग्लोबिन तपासा. मिस्टरांचं लिपिड तीन महिन्यांनी, उपाशीपोटी. सासूबाईंचं वजन दर पंधरा दिवसांनी. आणि त्यांची डॉक्टरांकडची तारीख या आठवड्यातलीच घ्या.